बायॉप्सीच्या काचेवरचा जांभळा आणि गुलाबी

चतुर्थीच्या आठवडाभर आधी आमच्या वाड्यावरच्या काकू एक खाकी पाकीट घेऊन आल्या. काकांची एंडोस्कोपी झाली होती, पोटातले चार-पाच तुकडे तपासायला गेले होते आणि रिपोर्टही आला होता. पण मुंबईचा भाचा ऐकेना. त्याने निरोप धाडला होता की स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही घेऊन या, इथे आणखी एका डॉक्टरांना दाखवू. मी आयुष्यभर हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे असे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याच्या, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काढलं हे वाड्यावर सगळ्यांना ठाऊक. म्हणून पाकीट आधी माझ्याकडे आलं.

काकूंनी काच खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाल्या, "बघ रे, सगळं जांभळंच दिसतंय. गुलाबी ते चांगलं आणि जांभळं ते बिघडलेलं, असंच ना?"

हा प्रश्न मला याआधीही पुष्कळांनी विचारलाय. बायॉप्सीची काच हातात पडली की माणूस ती उजेडात धरतोच, आणि दोन रंग दिसले की एक चांगला, एक वाईट अशी वाटणी मनात होतेच. प्रत्यक्षात त्या रंगांचा चांगल्या-वाईटाशी थेट संबंध नाही. जांभळं म्हणजे आम्लधर्मी पदार्थ, गुलाबी म्हणजे प्रथिनं, एवढंच ते सांगतात. ते कसं, हे काकूंना सांगितलं तसंच इथे लिहितो.

मुळात रंग लावायचाच कशाला?

पोटातून काढलेला तुकडा तांदळाच्या कणीएवढा असतो. तो फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, म्हणजे सडत नाही आणि जसा आहे तसाच राहतो. मग अल्कोहोलने त्यातलं पाणी काढायचं, झायलीनने अल्कोहोल काढायचं आणि त्या जागी वितळलेलं मेण भरायचं. मेण थिजलं की जी छोटी वडी तयार होते तो ‘ब्लॉक’. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर या वडीचे साधारण ४ मायक्रॉन जाडीचे काप काढतात. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड धरला, तर त्याच्या सतराव्या हिश्शाएवढा हा काप. कोमट पाण्यावर तो तरंगतो, अलगद काचेवर उचलायचा.

एवढा पातळ काप कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा पारदर्शक असतो. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर पेशी, धागे, पोकळ्या सगळं एकसारखं धूसर दिसतं. रंग लागल्याशिवाय काही वेगळं ओळखू येत नाही. आणि एकच रंग लावला तर सगळं त्याच रंगाचं होणार. म्हणून दोन रंग, आणि तेही असे की एकाला जे आवडतं ते दुसऱ्याला आवडत नाही.

लाल लाकूड आणि न्हाव्याची तुरटी

पहिला रंग हिमॅटॉक्सिलिन. हा झाडापासून मिळतो. मेक्सिकोच्या कांपेचे भागात वाढणाऱ्या एका झाडाच्या गाभ्यातून तो काढतात. नावाचा ग्रीक अर्थच मुळी ‘रक्त-लाकूड’. आपल्याकडे वैद्य ज्याला पतंग म्हणतात, त्या लाल लाकडातला रंग याचा रासायनिक चुलतभाऊ.

गंमत म्हणजे हे हिमॅटॉक्सिलिन एकटं जवळजवळ निरुपयोगी आहे. आधी ते हवेने किंवा औषधाने ऑक्सिडीकरण होऊन ‘पिकावं’ लागतं, आणि मग त्यात तुरटी घालावी लागते. होय, न्हावी दाढीनंतर गालावर फिरवतो तीच जातकुळी. कपडे रंगवणाऱ्यांना तुरटीचं हे काम पूर्वापार ठाऊक आहे. रंग कापडाला धरत नसेल तर मध्ये तुरटी घालायची. सोयरीक जुळवणाऱ्या माणसासारखी ती एका हाताने रंगाला धरते, दुसऱ्या हाताने कापडाला. तुरटीतला ॲल्युमिनियम रंगाच्या रेणूला चिकटतो आणि त्या जोडीवर धनभार येतो. १८६५ साली ब्यॉमर या जर्मन संशोधकाने तुरटीसोबतचं हिमॅटॉक्सिलिन ऊतींवर वापरून दाखवलं, आणि आजही आम्ही मूलतः तेच वापरतो.

आता धनभार असलेला रंग कुठे जाणार? जिथे ऋणभार आहे तिथे. पेशीत ऋणभाराचं एक मोठं भांडार म्हणजे डीएनए. त्याच्या लांबच लांब दोरीवर जागोजागी फॉस्फेटचे गट आहेत आणि प्रत्येकावर ऋणभार आहे. डीएनए केंद्रकात असतो, म्हणून केंद्रक जांभळं होतं. डीएनएचा धाकटा भाऊ आरएनए. प्रथिनं तयार करण्याच्या हुकुमाच्या चिठ्ठ्या आणि प्रथिनांचे कारखाने, दोन्ही आरएनएचे. तोही जांभळा रंग घेतो, पण तो केंद्रकाबाहेरच्या भागात, म्हणजे पेशीद्रवात पसरलेला असतो. कूर्चेतले सल्फेट गटही ऋणभारी असल्याने कूर्चा निळसर दिसते.

इथे शब्दांचा एक घोळ आहे, तो एकदाच मिटवून टाकू. रिपोर्टात ‘बेसोफिलिक’ असं वाचलं तर त्याचा अर्थ ‘जांभळा रंग घेणारं’. बेसिक, म्हणजे धनभारी, रंगाची आवड असलेलं. ती वस्तू स्वतः मात्र आम्लधर्मी असते. याच्या उलट ‘इओसिनोफिलिक’, म्हणजे गुलाबी रंग घेणारं.

पहाटेच्या नावाचा गुलाबी

दुसरा रंग इओसिन. हा झाडाचा नाही, कारखान्याचा. फ्लुओरेसीन या रंगाच्या रेणूवर ब्रोमिनचे चार अणू बसवले की इओसिन मिळतं. ग्रीकांच्या पहाटदेवतेचं नाव इओस, तीच आपली उषा, आणि तिच्यावरूनच याचं नाव पडलं. लाल शाईत हाच रंग वापरत.

इओसिनवर ऋणभार असतो, त्यामुळे त्याला धनभारी जागा हव्यात. त्या प्रथिनांवर मिळतात. प्रथिनांच्या साखळीत लायसिन, आर्जिनिन यांसारखे दुवे असतात आणि द्रावण किंचित आंबट असेल तर त्यांच्यावर धनभार येतो. पेशीद्रव, स्नायू, ऊतींना आधार देणारे कोलॅजनचे धागे, तांबड्या पेशी हे सगळं प्रथिनांचंच. म्हणून हे सगळं गुलाबी, पण एकाच छटेचं नव्हे. चांगल्या रंगवलेल्या काचेवर निदान तीन छटा दिसल्या पाहिजेत. तांबड्या पेशी सर्वांत भडक, स्नायू त्याहून सौम्य, कोलॅजन फिकट. आमचे वरिष्ठ डॉक्टर काच हातात घेतली की आजाराकडे बघायच्या आधी एखाद्या रक्तवाहिनीतल्या तांबड्या पेशी बघत. त्या भडक नसतील तर काच परत.

‘द्रावण किंचित आंबट असेल तर’ हे मी मुद्दाम लिहिलंय. सगळी मेख तिथेच आहे, आणि ती मी एका पावसाळ्यात पुरती शिकलो.

हळदीचं कुंकू, आणि विहिरीचं पाणी

हळदीत चुना घातला की ती लाल होते. आपलं कुंकू असंच बनायचं. रंग तोच, पण भोवतालचा सामू बदलला की छटा बदलते. हिमॅटॉक्सिलिनचंही तसंच आहे. आम्लात ते तांबूस असतं, अल्कलीत निळं-जांभळं. शिवाय अल्कलीत ते पेशीत पक्कं बसतं, सहजी सुटत नाही. त्यामुळे रंगवण्याचा क्रम असा असतो. हिमॅटॉक्सिलिनमध्ये काही मिनिटं, मग पाणी, मग आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये एक-दोन बुचकळ्या. या बुचकळ्यांनी भलतीकडे लागलेला रंग सुटतो आणि केंद्रकातला राहतो. एक बुचकळी जास्त झाली तर केंद्रकं फिकी, एक कमी झाली तर सगळंच जांभळट. यानंतर काच वाहत्या नळाखाली धरायची. पाणी किंचित अल्कधर्मी असेल तर पाच-दहा मिनिटांत केंद्रकं निळी होतात. या पायरीला आम्ही ‘ब्लूइंग’ म्हणतो. मग इओसिन, मग अल्कोहोल, झायलीन, आणि वरून पातळ काच चिकटवायची.

आता माझी फजिती. मी ज्या प्रयोगशाळेत होतो, तिथे एका पावसाळ्यात नळाला पाणी येईना. आवारात विहीर होती, तिचं पाणी टाकीत चढवलं आणि काम सुरू ठेवलं. दोन दिवसांनी डॉक्टरांनी बोलावून विचारलं, केंद्रकं तांबूस-तपकिरी का दिसताहेत? मी म्हटलं, हिमॅटॉक्सिलिन जुनं झालं असेल. हा संशय अगदी गैरही नव्हता. हिमॅटॉक्सिलिन जास्त पिकलं की खरंच तपकिरी छटा येते. नवी बाटली उघडली. केंद्रकं तशीच.

मग मी एकाच ब्लॉकचे दोन काप एकत्र रंगवले. हिमॅटॉक्सिलिननंतर एक विहिरीच्या पाण्यात ठेवला आणि दुसरा चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात. सोड्यातला काप डोळ्यांदेखत, मिनिटाभरात निळा झाला. विहिरीतला तांबूसच राहिला. रंग ठीक होता, पाणी आंबट होतं. आपल्याकडच्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी मृदू आणि बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी असतं. पिण्यात ते जाणवत नाही. हिमॅटॉक्सिलिनला मात्र जाणवतं.

मी हुशारी केली आणि पाण्यात अमोनियाचे थेंब घालायला लागलो. केंद्रकं सुरेख निळी झाली. पण दुसऱ्याच दिवशी तक्रार आली की गुलाबी रंग उडालाय. इओसिनमध्ये वेळ वाढवला तरी फरक पडेना. कारण पुन्हा तेच, फक्त उलट्या बाजूने. अमोनिया नीट धुतला गेला नव्हता आणि काचेबरोबर थोडाथोडा इओसिनच्या भांड्यात जात होता. भांड्यातला आंबटपणा गेला, प्रथिनांवरचा धनभार गेला, आणि इओसिनला धरायला जागाच उरली नाही. ब्लूइंगनंतर काच साध्या पाण्यात नीट धुतली, इओसिनमध्ये ॲसेटिक आम्लाचे दोन-चार थेंब टाकून सामू पाचच्या खाली आणला, आणि गुलाबी परत आला. पुढे आम्ही अमोनिया सोडलाच. लिटरभर पाण्यात साडेतीन ग्रॅम खाण्याचा सोडा आणि वीस ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घालून बरणी भरून ठेवायला लागलो. विहीर असो वा नळ, मग काळजी नाही.

सांगायचा मुद्दा हा की काचेवर दिसणारा रंग रोग्याच्या शरीरातून आलेला नसतो. तो आम्ही लावलेला असतो, आणि पाण्यानेसुद्धा बिघडू शकतो.

काकूंच्या काचेवर काय होतं?

काकांचा रिपोर्ट मी काकूंसमोर वाचला. पोटाच्या मधल्या भागातून घेतलेले तुकडे, जुनाट दाह, लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा या संरक्षण करणाऱ्या पेशींची गर्दी, तुरळक इओसिनोफिल, आणि हेलिकोबॅक्टर जिवाणू आढळले. कर्करोगाचा उल्लेख कुठेच नाही. मग काच जांभळी का?

माझ्याकडे अजूनही एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. काच लावली आणि काकूंना डोळा लावायला सांगितला.

सर्वांत वर, पोटाच्या पोकळीकडे, एका ओळीत उभ्या पेशी दिसतात. त्यांचं केंद्रक तळाशी, जांभळं. वरचा भाग मात्र फिकट, जवळजवळ रिकामा. तिथे श्लेष्म भरलेला असतो आणि तो या दोन्ही रंगांना फारशी दाद देत नाही. त्याखाली ग्रंथी, उभ्या नळ्यांसारख्या. या नळ्यांत शेजारी शेजारी दोन जातींच्या पेशी राहतात, आणि रंगांचा खेळ बघायचा तर तो इथेच.

एक जात टपोरी, भडक गुलाबी, मधोमध गोल केंद्रक. तव्यावरच्या अंड्यासारखी. या पेशी जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतात. त्या कामाला प्रचंड ऊर्जा लागते, म्हणून ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया त्यांच्यात ठासून भरलेली असतात. मायटोकाँड्रिया म्हणजे पडद्यांवर बसवलेली प्रथिनंच प्रथिनं. म्हणून गुलाबी.

दुसरी जात नळीच्या तळाकडे जास्त, आणि तिचं पेशीद्रवच जांभळट. या पेशी पेप्सिन या पाचक रसाचा कच्चा माल बनवतात. प्रथिन बनवायचं तर आरएनए हवा, तो पेशीच्या तळाशी दाटीने असतो, म्हणून जांभळं. दोन्ही पेशी निरोगी, दोन्ही आपापलं काम करताहेत. एक गुलाबी, एक जांभळी. काकूंच्या चांगल्या-वाईटाच्या हिशेबात ही दुसरी पेशी ‘बिघडलेली’ ठरली असती.

आणि ग्रंथींच्या मधल्या जागेत होती ती गर्दी. बारीक गोल जांभळे ठिपके, मोहरी सांडावी तसे. हे लिम्फोसाइट. या पेशीत केंद्रकच एवढं मोठं की भोवती पेशीद्रवाची जेमतेम किनार उरते. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाशिवाय बघितलं तर त्यांचा जमाव गडद जांभळा डाग वाटतो. त्यांच्यात प्लाझ्मा पेशीही होत्या. त्यांचं केंद्रक एका कडेला सरकलेलं, पेशीद्रव जांभळट आणि केंद्रकाशेजारी एक फिकट चांदोबा. प्लाझ्मा पेशी प्रतिपिंडं बनवतात. प्रतिपिंडं ही प्रथिनं, प्रथिनांना आरएनए, आरएनए जांभळा. तो फिकट चांदोबा म्हणजे तयार प्रथिनं बांधून पाठवणारा भाग, तिथे आरएनए नसतो.

म्हणजे काकूंना दिसलेला जांभळेपणा जिवाणूविरुद्ध जमलेल्या सैन्याचा होता.

"पण कॅन्सर जांभळा दिसतोच ना?"

काकूंनी हे विचारलंच, आणि प्रश्न योग्य आहे. अनेक कर्करोगांत पेशींमध्ये डीएनए जास्त असतो, केंद्रक फुगलेलं आणि गडद असतं, आणि त्याच्या मानाने पेशीद्रव कमी. त्यामुळे अशा गाठीचा भाग उघड्या डोळ्यांनाही जांभळा दिसू शकतो. पण निरोगी टॉन्सिल किंवा लसिकाग्रंथी याहून जांभळी दिसते, कारण ती लिम्फोसाइटांनीच भरलेली. उलट, तोंडाच्या काही कर्करोगांत केराटिन हे प्रथिन एवढं तयार होतं की मध्येच भडक गुलाबी गोळे दिसतात. मूत्रपिंडाच्या एका कर्करोगात पेशी चक्क पांढऱ्या, रिकाम्या दिसतात, कारण त्यांच्यातली चरबी आणि ग्लायकोजेन रंगवण्याआधीच धुतली गेलेली असतात.

म्हणून डॉक्टर नुसत्या रंगावर जात नाहीत, आकार आणि मांडणी बघतात. केंद्रकं एकमेकांसारखी आहेत की लहान-मोठी, वेडीवाकडी? नळ्या नीट नळ्या आहेत की एकमेकींत घुसल्यात? पेशी आपल्या सीमेत आहेत की खालच्या थरात शिरल्यात? रंगाशिवाय हे दिसलं नसतं, पण उत्तर रंगात नसतं.

गुलाबीचंही तसंच. मरू घातलेली पेशी नेहमीपेक्षा जास्त गुलाबी होते. आरएनए मोडून जातो, म्हणून जांभळी झाक जाते, आणि विस्कटलेल्या प्रथिनांवर इओसिनला नव्या जागा मिळतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर काही तासांनी स्नायूचे मेलेले धागे शेजाऱ्यांहून भडक गुलाबी दिसू लागतात. गुलाबी म्हणजे चांगलं, हे तिथे साफ खोटं ठरतं.

‘इओसिनोफिल’ वाचून ॲलर्जीची गोळी घेऊ नका

रक्ताच्या तपासणीत इओसिनोफिल वाढले की ॲलर्जी किंवा जंत, हे आता घरोघरी माहीत झालंय. या पांढऱ्या पेशींना नाव इओसिनवरूनच मिळालं. त्यांच्या दाण्यांत आर्जिनिनने भरलेलं, भरपूर धनभाराचं प्रथिन असतं, त्यामुळे ते दाणे इओसिनने लालभडक होतात. पण बायॉप्सीच्या रिपोर्टात ‘इओसिनोफिलिक पेशीद्रव’ असं लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ फक्त ‘गुलाबी पेशीद्रव’. ॲलर्जीशी त्याचा काही संबंध नाही.

या दोन रंगांना काय जमत नाही

हे रंग भार ओळखतात, नेमका पदार्थ नाही. ॲमिलॉइड नावाचं रोगट प्रथिन आणि साधं कोलॅजन, दोन्ही गुलाबीच दिसतात. संशय आला तर काँगो रेड हा वेगळा रंग लावावा लागतो. त्वचेतलं तपकिरी मेलॅनिन तर रंगवण्याआधीच तपकिरी असतं.

काकांच्या काचेवरचे जिवाणूही याच अडचणीतले. श्लेष्मात ते फिकट जांभळट वळलेल्या काड्यांसारखे दिसतात. बारकाईने बघणाऱ्याला सापडतात, पण चुकण्यासारखेच. म्हणून प्रयोगशाळेने त्याच ब्लॉकचा आणखी एक काप जिम्सा नावाच्या रंगाने रंगवला होता. पाकिटात दोन काचा होत्या त्या यासाठी. दुसरी पूर्ण निळसर, आणि काकूंना ती सर्वांत भयंकर वाटली होती.

मी दोन्ही काचा डबीत घातल्या आणि मेणाचा ब्लॉक वेगळ्या पुडीत बांधला. उन्हात तो मऊ पडतो. शिवाय उजेडात आधी फिकं पडतं ते इओसिन. काकूंना सांगितलं, पाकीट गाडीत काचेसमोर ठेवू नका, पिशवीत तळाशी ठेवा. त्या म्हणाल्या, "मग मुंबईला पोचेपर्यंत गुलाबी राहील ना?"

राहील म्हटलं.